योंग-हो आणि दोषींची यादी

चित्रपट सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो, आणि नायक मरायला निघालेला असतो. नदीकाठी जुन्या मित्रमैत्रिणींची सहल जमली आहे. वीस वर्षांपूर्वी ही मंडळी याच जागी आली होती. तेवढ्यात सूट घातलेला एक माणूस, योंग-हो, आमंत्रण नसताना तिथे येऊन थडकतो. तो गातो, वेड्यासारखा नाचतो, कपड्यांसकट पाण्यात शिरतो आणि नंतर वरच्या रेल्वे-पुलावर चढतो. खाली बहुतेकांचा नाच चालूच राहतो. समोरून गाडी येते. हा तिच्याकडे तोंड करून, हात पसरून ओरडतो की मला परत जायचं आहे. पडद्यावरचं चित्र त्याच्या चेहऱ्यावर गोठतं.

दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक ली चांग-डाँग यांचा हा ‘पेपरमिंट कँडी’. 1999 साली बुसानच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची सुरुवात त्याने झाली आणि 1 जानेवारी 2000 या दिवशी तो कोरियातल्या चित्रपटगृहांत लागला. ली आधी शाळेत शिक्षक होते, मग कादंबरीकार झाले, आणि पुढे 2003 मध्ये आपल्या देशाचे संस्कृतिमंत्रीही झाले. योंग-होचं काम सोल क्युंग-गु या नटाने केलं आहे. उलट्या क्रमाने सांगितलेले चित्रपट जगात मूठभरच आहेत. त्यांतला हा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे उलटा क्रम प्रेक्षकाला चकवायला वापरलेला नाही. एका माणसाच्या नासाडीला जबाबदार कोण, हा प्रश्न त्या क्रमामुळेच उभा राहतो आणि त्या क्रमामुळेच तो सुटता सुटत नाही.

रचना साधी आहे. चित्रपटाची सात प्रकरणं आहेत. पहिलं 1999 च्या वसंतातलं, दुसरं त्याच्या तीन दिवस आधीचं, तिसरं 1994 च्या उन्हाळ्यातलं, चौथं 1987 चं, पाचवं 1984 चं, सहावं मे 1980 चं आणि सातवं 1979 च्या शरद ऋतूतलं. प्रत्येक प्रकरण आतून मात्र सरळच चालतं. माणसं पुढे चालतात, प्रश्नानंतर उत्तर येतं. उलटी आहे ती फक्त प्रकरणांची रांग. दोन प्रकरणांच्या मध्ये रेल्वेचे रूळ दिसतात. गाडीच्या टोकावर बसून आपण पुढे निघालो आहोत असं वाटतं. मग बाजूच्या रस्त्यावरची मोटार मागे जाताना दिसते, मुलं पाठमोरी पळतात, झाडाखाली पडलेल्या पाकळ्या उडून फांदीवर जाऊन बसतात. गाडीच्या मागच्या बाजूने केलेलं चित्रण उलटं फिरवलेलं आहे. आपण पुढे जातो आहोत या भावनेतच दिग्दर्शक आपल्याला मागे नेतो.

इथे फ्लॅशबॅकशी असलेला फरक सांगायला हवा, कारण आपल्याकडचे प्रेक्षक फ्लॅशबॅकला चांगले सरावलेले आहेत. फ्लॅशबॅकमध्ये वर्तमानकाळ जागेवर थांबलेला असतो. कोणीतरी आठवतो, आपण त्याच्याबरोबर मागे जातो, कारण समजतं आणि ते हातात घेऊन पुन्हा वर्तमानात येतो. मग त्या कारणाचा उपयोग होतो: सूड घेता येतो, क्षमा मागता येते, हरवलेली बहीण ओळखता येते. क्रिस्तोफर नोलनच्या ‘मेमेंटो’वरून प्रेरणा घेऊन ‘गजनी’ आला तेव्हा नायकाचं विसरणं आणि अंगावर गोंदलेल्या नोंदी आल्या, पण उलटा क्रम आला नाही. तिथे प्रेमकथा फ्लॅशबॅकमध्ये सांगितली आणि शेवट पुढे, सूडाकडे नेला. खऱ्या उलट्या कथनात परतीचं तिकीट नसतं. कारण समजतं, पण ते ज्याच्या उपयोगी पडलं असतं तो माणूस केव्हाच गेलेला असतो. 1984 मधलं एखादं रहस्य आपल्याला कळलं, तरी ते 1999 च्या योंग-होपर्यंत पोहोचवण्याचा काही मार्ग नाही. म्हणून उलट्या चित्रपटात माहिती वाढत जाते तसतशी हतबलताही वाढत जाते.

आता दुसऱ्या प्रकरणाकडे वळू, कारण दोषाचा प्रश्न तिथे अगदी उघडपणे मांडला आहे. पुलावरच्या मरणाला अजून तीन दिवस आहेत. योंग-हो प्लास्टिकच्या कागदांच्या खोपटात राहतो. त्याने कुठून तरी एक पिस्तूल मिळवलं आहे. मरायचं तर ठरलं आहे, पण जाताना एकाला बरोबर न्यायचं आहे. अडचण अशी की कोणाला न्यायचं ते ठरत नाही. शेअर बाजारात बुडालेला पैसा, व्याजाने कर्ज देणारा, फसवून गेलेला भागीदार, सोडून गेलेली बायको, अशी त्याची यादी आहे आणि तिच्यातून एक नाव निवडणं त्याला जमत नाही. तो भागीदारावर पिस्तूल रोखतो, पण त्याला मारत नाही. बायकोच्या दारात जातो. ती दार साखळीपुरतंच उघडते.

योंग-होची ही यादी म्हणजे चित्रपटाने प्रेक्षकापुढे ठेवलेलं पहिलं उत्तर आहे. 1997 च्या अखेरीस कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं, हजारो लोकांचे धंदे आणि नोकऱ्या गेल्या. तेव्हा चित्रपटगृहात बसलेल्या कोरियन माणसाला हे उत्तर लगेच पटण्यासारखं होतं. बाजार पडला आणि माणूस बुडाला, एवढंच. सरळ क्रमाने सांगितलेल्या चित्रपटात आपण इथेच थांबलो असतो, कारण मरणाच्या सगळ्यांत जवळचं कारण हेच आहे. पण गाडी मागे निघते, आणि पुढच्या प्रत्येक प्रकरणात योंग-होच्या यादीत नसलेलं एक तरी नाव समोर येतं. त्यांतलं पहिलं नाव त्याचं स्वतःचंच असतं.

1994 मध्ये त्याच्याकडे पैसा आहे, स्वतःचा धंदा आहे, नवं घर आहे. बायको होंग-जाचं गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाशी प्रकरण चालू आहे. योंग-हो त्या दोघांना पकडतो, मारहाण करतो, आणि लगोलग स्वतःच्या दुकानातल्या मुलीबरोबर तेच करतो. म्हणजे बायको ‘सोडून गेली’ हे आपण आधी ऐकलेलं तक्रारीचं वाक्य आता वेगळंच वाटू लागतं. मग एका रेस्टॉरंटमध्ये त्याला ओळखीचा चेहरा दिसतो. एक माणूस आपल्या लहान मुलाबरोबर जेवायला आला आहे. दोघांची स्वच्छतागृहात गाठ पडते आणि योंग-हो त्याला विचारतो, आयुष्य सुंदर आहे, नाही का? तो माणूस उत्तर देत नाही. प्रश्न मैत्रीचा वाटतो, थोडा विचित्रही वाटतो. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं त्याचा अर्थ मात्र आपल्याला लागत नाही.

अर्थ पुढच्या प्रकरणात लागतो, म्हणजे सात वर्षं मागे गेल्यावर. 1987 मध्ये योंग-हो पोलीस आहे आणि हा माणूस त्याच्या ताब्यातला, चळवळीतला तरुण आहे. योंग-हो त्याला पाण्यात बुडवून त्याचा छळ करतो, एका साथीदाराचा ठावठिकाणा काढून घेतो. त्याच्या डायरीत आयुष्य सुंदर असल्याचं वाक्य सापडलेलं असतं. तुला खरंच असं वाटतं का, असं योंग-हो त्याला विचारतो. कोरियन प्रेक्षकाला ते वर्ष सांगावं लागत नाही. त्याच वर्षी जानेवारीत पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी पोलिसांच्या पाण्याच्या छळात मेला. टेबलावर हात आपटताच तो कोसळला असा खुलासा पोलिसांनी केला, तो खोटा ठरला आणि जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले.

रेस्टॉरंटमधला तो प्रसंग जरा थांबून पाहू. सरळ क्रमात आधी आपण पोलीस ठाण्यातला छळ पाहिला असता आणि मग सात वर्षांनी ते दोघे समोरासमोर आले असते. तेव्हा आपलं सगळं लक्ष पुढे काय होणार याच्याकडे लागलं असतं. तो माणूस मारायला धावेल का? योंग-हो माफी मागेल का? काहीच घडलं नाही म्हणून कदाचित आपली निराशाही झाली असती. उलट्या क्रमात आपण तो प्रसंग अज्ञानात पाहतो. वाईट काही दिसत नाही, एक शिळोप्याचा प्रश्न ऐकू येतो. नंतर छळ दिसतो आणि तो शिळोप्याचा प्रश्न आठवून अंगावर काटा येतो. परिणाम आपल्या डोळ्यांसमोरच होता, आपल्याला तो परिणाम म्हणून ओळखता आला नाही. छळलेला माणूस सात वर्षांनी मुलाबरोबर जेवत असतो आणि पाहणाऱ्याला काहीही कळत नाही, हे त्या माणसाचं रोजचं जगणं आहे. उलट्या क्रमाने आपल्याला त्या न कळणाऱ्यांच्या रांगेत बसवलं, हे मला या चित्रपटातलं सर्वांत अचूक काम वाटतं.

1984 मध्ये आणखी खाली उतरतो. योंग-हो पोलिसांत नवा आहे. वरिष्ठ त्याला कामगार चळवळीतल्या एका माणसावर सोडतात. त्याचा तो पहिलाच छळ आहे. मार खाणाऱ्याची विष्ठा त्याच्या हाताला लागते. तो हात धुतो, पण वास जात नाही. त्याच दिवसांत सुन-इम त्याला भेटायला येते. मून सो-रीने केलेली ही तरुणी त्याचं पहिलं प्रेम आहे. दोघं एका खानावळीत बसतात. तुझे हात पाहिले की तू भला माणूस आहेस हे कळतं, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणते. तो आपले हात बघतो, आणि जवळून जाणाऱ्या खानावळवालीच्या मुलीला, म्हणजे होंग-जाला, सुन-इमच्या देखत त्याच हाताने चाचपतो. सुन-इमने पैसे साठवून त्याच्यासाठी कॅमेरा आणलेला असतो, कारण त्याला फोटो काढायला शिकायचं होतं. स्टेशनवर निरोप देताना तो कॅमेरा तिला परत करतो.

कॅमेरा आपण आधीच पाहिलेला आहे. 1999 मध्ये मरणाच्या दारात असलेली सुन-इम बेशुद्ध असते. तिचा नवरा योंग-होला शोधून तिच्याकडे घेऊन जातो आणि नंतर हा कॅमेरा त्याच्या हातात ठेवतो. योंग-हो तो थोड्या पैशांना विकून टाकतो आणि आतली फिल्म ओढून उजेडात धरतो. तेव्हा आपल्याला वाटतं, काय माणूस आहे! पैशासाठी मरणाऱ्या बाईची आठवणही विकतो. 1984 पाहिल्यावर कळतं की त्याने तो कॅमेरा पंधरा वर्षांपूर्वीच नाकारला होता आणि ती मात्र तो सांभाळून होती. मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या ज्ञानाने आधीचा राग कमी होत नाही. रागाची जागा मात्र बदलते. विक्री हे त्याचं सर्वांत वाईट कृत्य राहत नाही, परत करणं हे त्याहून मोठं ठरतं, कारण तेव्हा त्याच्यापुढे दुसरी वाट उघडी होती. 1999 मध्ये ती नव्हती.

उलट्या क्रमाबद्दल एक सरसकट विधान नेहमी केलं जातं: शेवट आधीच माहीत असल्यामुळे सगळं अटळ वाटतं, माणसाला निवडच उरत नाही. ‘पेपरमिंट कँडी’ पाहताना मला याच्या नेमकं उलटं जाणवतं. सरळ चालणाऱ्या गोष्टीत स्टेशनवरचा तो निरोप हा एक दुःखद वळणाचा प्रसंग झाला असता. पुढे भेटतील, समेट होईल, अशी आशा आपण मनात धरली असती आणि त्या आशेपायी त्या क्षणाचं वजन पुढे ढकललं असतं. इथे पुढचं सगळं आपण पाहून बसलो आहोत. त्यामुळे आशा नाही, आणि पूर्ण वजन त्याच क्षणावर पडतं. सुन-इम गाडीत चढत असते आणि आपल्याला दिसत असतं की हा माणूस आत्ता, इथे, वेगळं वागू शकत होता.

मग मे 1980 येतो आणि आतापर्यंतच्या हिशेबात सर्वांत मोठी उलथापालथ होते. 26 ऑक्टोबर 1979 ला राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची हत्या झाली होती, डिसेंबरात जनरल चुन डू-ह्वान यांनी लष्करावर कबजा मिळवला होता. मेमध्ये लष्करी कायदा देशभर लागू झाला आणि ग्वांगजू शहरात उठाव झाला. 18 ते 27 मे या दहा दिवसांत सैन्याने तो चिरडला. योंग-हो तेव्हा सक्तीच्या सैनिकी सेवेतला कोवळा पोरगा आहे. सुन-इम त्याला छावणीवर भेटायला येते, पण भेटी बंद आहेत. ती पेपरमिंटच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करते आणि पत्रांतून त्याला एकेक गोळी पाठवते. त्याने त्या जेवणाच्या डब्यात जमवल्या आहेत. अचानक कूच करण्याचा हुकूम सुटतो. धावपळीत डबा पडतो, पांढऱ्या गोळ्या जमिनीवर विखुरतात आणि बुटांखाली चिरडल्या जातात. रात्री रेल्वेच्या यार्डात त्याच्या पायाला गोळी लागते. अंधारात घरी निघालेली एक शाळकरी मुलगी त्याला दिसते. तो तिला लवकर जा म्हणतो, दुसरे सैनिक येण्याआधी तिला पळवून लावण्यासाठी बंदूक झाडतो, आणि ती त्याच्याच गोळीने मरते.

आधीच्या प्रकरणांत योंग-होचा एक पाय मध्येच लंगडू लागत होता आणि मग पुन्हा नीट पडत होता. त्याचं कारण आता कळलं. पण सगळ्याच गोष्टींचं कारण कळलं का? इथे प्रेक्षकाने सावध राहावं असं मला वाटतं.

उलट्या कथनात जे सर्वांत शेवटी दिसतं ते घटनाक्रमात सर्वांत आधीचं असतं, आणि शेवटी दिसलेल्या गोष्टीला आपण आपोआप मूळ मानतो. इतका वेळ आपण का, का असं विचारत खाली उतरत होतो. तळाला एक मेलेली मुलगी सापडली, की शोध संपला असं वाटतं. ग्वांगजूने हा माणूस मोडला, बाकी सगळी त्याची पडझड. हे उत्तर चुकीचं नाही, पण ते पुरेसंही नाही, आणि त्याची अपुरी जागा चित्रपटातच दाखवता येते. 1980 ते 1984 या चार वर्षांचं एकही दृश्य चित्रपटात नाही. सैन्यात नकळत एका मुलीचा जीव घेतलेला, त्या अपराधाने रडणारा मुलगा बाहेर पडून पोलिसांत भरती का झाला? ज्या राजवटीने त्याच्या हातात बंदूक दिली, तिच्याच दुसऱ्या खात्यात तो स्वतःहून का गेला? सक्तीची सेवा टाळता येत नाही, नोकरीचं तसं नसतं. या दोन घटनांमधला दुवा चित्रपट दाखवत नाही. तो आपण आपल्या मनाने जोडतो.

आणि हे जोडलेलं आपल्या लक्षातही येत नाही, याचं कारण उलटा क्रमच आहे. प्रकरणं सरळ लावून पाहा. 1979 ची सहल, मग ग्वांगजू, मग लगेच पोलिसाचा गणवेश. सरळ क्रमात कोणीही ताबडतोब विचारेल: हा पोलीस कसा झाला? लेखकाला एखादा प्रसंग लिहावा लागेल, गरिबी, बापाचा आग्रह, काहीही. उलट्या क्रमात 1984 चा पोलीस आपण आधी स्वीकारलेला असतो. तो पोलीस आहे ही गोष्ट ठरून गेलेली आहे, आता फक्त त्याच्या मागे काय होतं ते पाहायचं आहे. म्हणून मागची कोणतीही मोठी घटना त्याला कारण म्हणून चिकटते. न्यायालयात एखाद्या वकिलाने असा दुवा गाळला तर समोरचा वकील उठून उभा राहील. अंधाऱ्या चित्रपटगृहात कोणी उठत नाही.

तरीही सरळ लावलेल्या याच चित्रपटापेक्षा उलटा चित्रपट मला अधिक न्यायी वाटतो, आणि त्याचं कारणही क्रमातच आहे. सरळ लावला तर आपण आधी रानफुलांचे फोटो काढण्याची स्वप्नं पाहणाऱ्या मुलाच्या प्रेमात पडू. मग त्याच्यावर ग्वांगजूची आपत्ती कोसळेल आणि आपली सहानुभूती पक्की होईल. त्यानंतर त्याने कोणाला पाण्यात बुडवलं, बायकोला मारलं, तरी बिचाऱ्याचं काय झालं होतं हे आपण विसरणार नाही. प्रत्येक क्रौर्याला सबब आधीच तयार असेल. उलट्या क्रमात क्रौर्य सबबीशिवाय येतं. पाण्याखाली धरलेलं डोकं आपण पाहतो तेव्हा ग्वांगजू आपल्याला माहीत नसतं, म्हणून आपण फक्त त्या डोक्याच्या बाजूने पाहतो. निकाल मनात लागून जातो. कारण नंतर येतं, आणि ते कितीही हृदयद्रावक असलं तरी आधी लागलेला निकाल पुसू शकत नाही. माणूस समजतो, पण सुटत नाही. समजणं आणि सोडणं या दोन गोष्टी एरवी इतक्या एकमेकींत मिसळतात की वेगळ्या काढणं कठीण. हा चित्रपट त्या एका वेळी एक अशा आपल्या हातात देतो.

क्रमाचा हा परिणाम नुसता तर्काने मांडायची गरज नाही, कारण एका दिग्दर्शकाने तो खरोखर करून दाखवला आहे. गास्पार नोए यांचा ‘इरिव्हर्सिबल’ हा फ्रेंच चित्रपट 2002 साली कान महोत्सवात आला. तोही उलट्या क्रमाचा आहे आणि पाहायला अतिशय कठीण आहे. सुरुवातीला एका क्लबमध्ये दोन मित्र सूड घ्यायला घुसतात आणि त्यांतला एक जण समोरच्या माणसाला आग विझवण्याच्या नळकांड्याने ठार करतो. मग हळूहळू कळतं की त्यांतल्या एकाच्या प्रेयसीवर भुयारी मार्गात अत्याचार झाला होता. 2019 मध्ये नोए यांनी त्याच चित्रपटाची सरळ लावलेली आवृत्ती व्हेनिसला दाखवली.

फरक एका चेहऱ्याचा आहे. उलट्या आवृत्तीत खून होतो तेव्हा आपण अत्याचार करणाऱ्याला पाहिलेलंच नसतं. मारला गेला तो गुन्हेगारच असणार असं आपण गृहीत धरतो, कारण इतक्या रागाने कोणी कोणाला उगाच मारत नाही. पुढे भुयारातला चेहरा दिसतो आणि नीट आठवलं तर लक्षात येतं की मेला तो वेगळाच होता. खरा माणूस त्या क्लबमध्ये बाजूला उभा राहून बघत होता. पहिल्या वेळी हे अनेकांच्या नजरेतून सुटतं. सरळ आवृत्तीत ते सुटूच शकत नाही. चेहरा आपल्याला आधीच माहीत असतो, म्हणून नळकांडं उचललं जातं त्या क्षणी चुकीचा माणूस मरतो आहे हे आपल्याला दिसत असतं. त्या चुकीची जबाबदारी सरळ आवृत्तीत पूर्णपणे मारणाऱ्यांवर पडते. उलट्या आवृत्तीत तिचा थोडा भाग आपल्यावरही येतो, कारण पुराव्याशिवाय मेलेल्या माणसाला दोषी आपणही धरलेलं असतं.

सरळ आवृत्तीत आणखी एक गोष्ट बदलते आणि ती मला खटकते. पार्टीत प्रियकर बेताल वागतो, ती वैतागून एकटी निघते, आणि मग भुयार येतं. घटना अशा पाठोपाठ आल्या की पहिली दुसरीचं कारण वाटू लागते: तो नीट वागला असता तर, ती थांबली असती तर. गुन्हेगाराचा दोष त्या ‘तर’मध्ये विरघळायला लागतो. उलट्या आवृत्तीत अत्याचार आधी येतो आणि पार्टी नंतर. तेव्हा पार्टीतलं भांडण हे जगातल्या कोणत्याही जोडप्याचं भांडण दिसतं, तेवढंच लहान. इथे उलट्या क्रमाने दोष ज्याचा त्याच्याकडे ठेवला.

म्हणजे क्रम हा काही निःपक्षपाती नाही, सरळही नाही आणि उलटाही नाही. सरळ क्रमात जे आधी घडलं ते कारण होऊन बसतं, उलट्या क्रमात जे शेवटी दाखवलं ते मूळ होऊन बसतं. ‘पेपरमिंट कँडी’चं सातवं प्रकरण पाहताना हे जपून लक्षात ठेवावं लागतं. 1979 ची तीच नदी, तोच पूल. विशीतला योंग-हो सुन-इमला सांगतो की ही जागा आपण आधी पाहिल्यासारखी वाटते. ती त्याला पेपरमिंटची गोळी देते. सगळं निर्मळ आहे, आणि त्यामुळे 1979 च्या शरदापर्यंत कोरियातही सगळं निर्मळच होतं असा भास होतो. प्रत्यक्षात पार्क चुंग-ही यांची हुकूमशाही तेव्हा कित्येक वर्षांची जुनी होती. गाडी आणखी मागे गेली असती तर तिथेही तुरुंग आणि छळच दिसले असते. ती 1979 ला थांबते, कारण तिथवर योंग-होचा हात स्वच्छ आहे. प्रवास एका माणसाच्या निरागसतेपाशी संपवला, एवढाच त्याचा अर्थ.

चित्रपट तयार झाला तेव्हा खऱ्या आयुष्यातली यादी कुठवर आली होती, हेही सांगायला हवं. ग्वांगजूच्या दडपशाहीबद्दल आणि सत्ता बळकावल्याबद्दल चुन डू-ह्वान यांना 1996 मध्ये मृत्युदंडाची शिक्षा झाली, अपिलात ती जन्मठेपेवर आली, आणि डिसेंबर 1997 मध्ये त्यांना माफी देऊन सोडण्यात आलं. हुकूम देणारा घरी गेला होता. पडद्यावर योंग-हो पिस्तूल घेऊन फिरतो तेव्हा त्याच्या यादीत हे नाव नाही. दलाल, भागीदार आणि बायको यांच्यापलीकडे त्याची नजर जात नाही. ग्वांगजूचं प्रकरण पाहून झाल्यावर कोरियन प्रेक्षकाच्या मनात ते नाव आलं नसेल असं मला वाटत नाही.

यादीतून सुटलेलं आणखी एक नाव आहे, आणि ते चित्रपटातूनही सुटलं आहे. रेल्वेच्या यार्डात मेलेल्या मुलीला नाव नाही. ती कुठून येत होती, घरी कोण वाट बघत होतं, हे आपल्याला कळत नाही. वीस वर्षं मागे जाऊन आपण मारणाऱ्याच्या आयुष्याचा कोपरान् कोपरा पाहतो, मरणाऱ्या मुलीला दोन-चार मिनिटं मिळतात. सुन-इम आणि होंग-जा यांचंही थोडंफार असंच आहे. योंग-होचं काय हरवलं आणि काय बिघडलं हे मोजायला त्या आहेत. त्यांची स्वतःची वीस वर्षं कुणी उलटी फिरवत नाही. मागे जाणारी गाडी एकाच रुळावरून जाते. ग्वांगजूत जिची आई मारली गेली अशा एका मुलीची गोष्ट कोरियन पडद्यावर याच्या तीन वर्षं आधी, 1996 मध्ये, जांग सन-वू यांच्या ‘अ पेटल’मध्ये आली होती. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत, आणि ‘अ पेटल’ आधी पाहावा.